रिकाम्या लॉकरची किंमत

हॅश टेबल समजावणाऱ्या स्लाइड बहुतेक एकाच धाटणीच्या असतात. पहिल्या स्लाइडवर चौकटींची रांग आणि त्यांत शिरणारे बाण, दुसरीवर एकाच चौकटीत घुसू पाहणारे दोन बाण, आणि तिसरीवर लोड फॅक्टरचे सूत्र. या तीन स्लाइडमध्ये नेमके काय घडते हे पाहायचे, तर चौकटींच्या जागी अभ्यासिकेतली लॉकरची भिंत आणावी. एका ओळीत दहा लॉकर आहेत, त्यांच्यावर ० ते ९ असे आकडे आहेत. सभासदांचे क्रमांक चार आकडी आहेत, आणि प्रत्येकाला सामान ठेवायला एक लॉकर हवा आहे.

लॉकर मिळेल तसा दिला, तर कोणाचे सामान कुठे आहे हे शोधायला एकेक दार उघडत जावे लागेल. दहा लॉकर असताना ते चालते, दहा लाख असताना चालत नाही. म्हणून नियम असा करायचा, की सभासद क्रमांकाला दहाने भागून जी बाकी उरते, तो आपला लॉकर. सभासद ४१२७ चा लॉकर ७, आणि ३०५२ चा २. आता सामान कुठे आहे याची वेगळी नोंद ठेवायला नको. क्रमांकावर एकदा नियम चालवला की दार कळते. या नियमालाच हॅश फंक्शन म्हणतात. संगणकात क्रमांकाच्या जागी नाव किंवा शब्दही असू शकतो. त्याच्या अक्षरांपासून आधी एक मोठी संख्या तयार करतात आणि मग तिला लॉकरच्या संख्येने भागून बाकी घेतात.

दुसऱ्या स्लाइडवरचा प्रसंग लगेचच उभा राहतो. ५८१७ आला. बाकी ७, पण ७ मध्ये ४१२७ चे सामान आहे. ही टक्कर, म्हणजे कोलिजन. सोपा उपाय म्हणजे पुढच्या लॉकरकडे सरकणे. ५८१७ ला ८ मिळाला. मग २६३८ आला. त्याचा हक्काचा लॉकर ८, तो गेलेला, म्हणून तो ९ मध्ये गेला. त्यानंतर १९०९ आला. त्याचा ९ भरलेला, आणि भिंत तिथे संपते, म्हणून तो सुरुवातीला जाऊन ० मध्ये बसला.

इथे थांबून भिंतीकडे नीट पाहावे. ४१२७ आणि ५८१७ या दोघांचीच बाकी सारखी होती. २६३८ आणि १९०९ यांची बाकी दुसऱ्या कोणाशीच जुळत नव्हती, तरी एका टकरीमुळे त्यांचीही जागा गेली. आता ७, ८, ९, ० असा सलग भरलेला पट्टा तयार झाला आहे. यापुढे ज्याची बाकी ७, ८, ९, ० किंवा १ येईल, तो प्रत्येक जण लॉकर १ मध्येच जाणार. म्हणजे पट्टा जितका लांब, तितकी तो आणखी वाढण्याची शक्यता जास्त. याला क्लस्टरिंग म्हणतात. त्याचा खरा त्रास जाणवतो तो नसलेली गोष्ट शोधताना. सभासद ६६६७ चे सामान आहे का, असे विचारले, तर ७, ८, ९, ० ही भरलेली दारे उघडून शेवटी रिकामा १ दिसेल, तेव्हाच ‘नाही’ म्हणता येईल. निम्मी भिंत रिकामी असतानाही पाच दारे उघडावी लागली.

रिकामे दार दिसले की शोध थांबवायचा, या नियमात एक खोच आहे. समजा ५८१७ सामान घेऊन गेला आणि ८ रिकामा झाला. आता २६३८ चे सामान शोधा. बाकी ८, दार उघडले, रिकामे. उत्तर येईल ‘नाही’, आणि सामान मात्र शेजारच्या ९ मध्ये तसेच आहे. अशी चूक ओळखण्याची खूण हीच, की एखादी वस्तू काढल्यावर भलतीच वस्तू हरवल्यासारखी वाटते. म्हणून सोडलेल्या लॉकरवर ‘इथे कोणीतरी होते, पुढे पाहा’ अशी पाटी लावतात. शोधणारा तिथे थांबत नाही, आणि नव्याने येणाऱ्याला मात्र ती जागा वापरता येते.

टक्कर सोडवण्याची दुसरी रीत म्हणजे एकाच लॉकरमध्ये एकापाठोपाठ एक अशी सामानाची साखळी ठेवणे. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या जानेवारीत एका अंतर्गत टिपणात हॅशिंगची कल्पना मांडली, ती या साखळीसह. यात शेजाऱ्याची जागा जात नाही, पण साखळी लांबली की ती चाचपत बसावे लागते.

आता तिसरी स्लाइड. भरलेल्या जागांना एकूण लॉकरनी भागले की लोड फॅक्टर मिळतो. आपल्या भिंतीवर पाच जण आणि दहा लॉकर, म्हणजे तो ०.५ आहे. हा आकडा वाढत जाताना त्रास सारख्या गतीने वाढत नाही. पुढच्या लॉकरकडे सरकण्याच्या पद्धतीचे गणित डोनाल्ड नथ यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. मोठ्या भिंतीवर आणि चांगल्या हॅश फंक्शनसाठी ते सांगते, की नसलेली वस्तू ‘नाही’ म्हणून कळायला भिंत निम्मी भरलेली असताना सरासरी अडीच दारे उघडावी लागतात. तीन चतुर्थांश भरली की साडेआठ, आणि नव्वद टक्के भरली की पन्नासच्या वर. शेवटचे थोडे लॉकर वाचवण्याची किंमत अशी असते.

म्हणून भिंत भरण्याआधीच मोठी करतात. जावा भाषेतील हॅशमॅप साखळीची रीत वापरतो. तो १६ कप्प्यांनी सुरू होतो, आणि १२ वस्तूंनंतर, म्हणजे ०.७५ ही मर्यादा ओलांडताच, ३२ कप्पे घेतो. पायथॉनची डिक्शनरी साधारण दोन तृतीयांश भरली की वाढते. पण नुसते नवे लॉकर जोडून भागत नाही. भागाकाराची संख्या बदलली, की सगळ्यांच्या जागा नव्याने काढाव्या लागतात. आपली भिंत २० लॉकरची केली, तर ४१२७ पुन्हा ७ मध्ये जातो, ५८१७ जातो १७ मध्ये, ३०५२ जातो १२ मध्ये, २६३८ जातो १८ मध्ये आणि १९०९ येतो ९ मध्ये. पाचही जण आपापल्या हक्काच्या जागी बसले.

ही उचलाउचल महाग वाटते, पण दर वेळी भिंत दुप्पट केली की खर्च आटोक्यात राहतो. हॅशमॅपमध्ये एकेक करून हजार वस्तू ठेवल्या, तर सगळ्या वाढींत मिळून सुमारे दीड हजार वेळा वस्तू हलतात, म्हणजे वस्तूमागे सरासरी दीड वेळा. मात्र ज्या क्षणी भिंत वाढते, त्या क्षणी येणाऱ्याला थांबावे लागते. किती वस्तू येणार हे आधीच ठाऊक असेल, तर मोठी भिंत मागूनच सुरुवात करावी.

लॉकर कितीही वाढवले, तरी वाईट हॅश फंक्शन त्यांचा उपयोग होऊ देत नाही. सभासद क्रमांक दहा-दहाच्या टप्प्याने दिले असते, तर दहा लॉकरच्या भिंतीवर सगळ्यांची बाकी ० आली असती. हे कोणी मुद्दामही घडवू शकते. २०११ च्या डिसेंबरमध्ये दोन जर्मन संशोधकांनी दाखवले, की एकाच कप्प्यात पडतील असे शब्द निवडून पाठवले तर वेबसाइटचा सर्व्हर अडकवता येतो. त्यानंतर पायथॉनने आवृत्ती ३.३ पासून शब्दांच्या हॅशमध्ये दर वेळी बदलणारी गुप्त संख्या मिसळायला सुरुवात केली.

हॅश टेबल लगेच उत्तर देतो, कारण त्याचा काही भाग कायम रिकामा ठेवलेला असतो आणि त्याचा नियम वस्तूंना सगळीकडे सारखे पसरवतो. या दोन अटींपैकी एक जरी मोडली, तरी उरते ती एकेक दार उघडत जाण्याची जुनीच पद्धत.