स्नेहमेळाव्यातला तो चेहरा

गोष्ट कल्पित आहे, पण अनेकींना ओळखीची वाटेल. दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बारा वर्षांपूर्वीच्या स्नेहमेळाव्याचा फोटो टाकतं. मागच्या रांगेत ती स्वतःला शोधते आणि दचकते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या रेषा. "मी अशी दिसायचे?" असं ती लिहिते. "अगं, तू अशीच तर दिसतेस," मैत्रीण उत्तर देते. ती दुखावते. वय बारा वर्षांनी वाढूनही तिच्या आजच्या सेल्फी त्या फोटोपेक्षा तरुण दिसतात, मग हे खरं कसं असेल?

मैत्रीण खोटं बोललेली नाही. तिच्या डाव्या गालावर तीळ आहे. आरशात तो तिला डावीकडे दिसतो, फोटोत उजवीकडे. आपला चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून अशी उलटापालट झाली की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. 1977 साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी काही तरुणींना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशासारखा उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला. त्यांचा कल उलट्या फोटोकडे होता, तर त्यांच्या मैत्रिणींचा सरळ फोटोकडे. जे रूप रोज नजरेस पडतं तेच आवडतं.

दुसरं कारण अंतराचं. सेल्फी हातभरावरून निघते. लेन्सला नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं. 2018 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी हिशेब मांडला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरून नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. मग फिल्टर तेच नाक बारीक करतो, जबडा आत ओढतो, डोळे मोठे करतो आणि त्वचेवरची रंध्रं पुसून टाकतो. म्हणजे लेन्सने केलेला दोष तो झाकतो आणि जो दोषच नव्हता तोही मिटवतो. काही फोनांत ही सोय आधीपासूनच चालू असते, त्यामुळे आपण फिल्टर वापरतो हे तिच्या लक्षातही आलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. भुवयांचे केस एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि गालामागची दाराची चौकट वाकते.

जुना फोटोही संपूर्ण सत्य नव्हे. हॉलमध्ये दिवे डोक्यावर होते, त्यामुळे डोळ्यांखालची सावली गडद झाली. पण तो लांबून काढलेला होता, म्हणून नाक आणि जबडा यांची ठेवण त्यात सेल्फीपेक्षा जास्त खरी आहे.

खात्री करायची असेल तर फोनमधली 'ब्यूटी' सेटिंग बंद करा, खिडकीसमोर उभं राहा आणि पाच-सहा फुटांवरून मागच्या कॅमेऱ्याने कुणाकडून तरी फोटो काढून घ्या. मैत्रिणींना इतकी वर्षं दिसत आलेला चेहरा हाच आहे. तो जुना फोटो ग्रुपवरून काढायला सांगू नका.