आभाराची वही

सूत्रसंचालक "यानंतर आभारप्रदर्शन" म्हणतो आणि मागच्या चार रांगा उठतात. त्यांचं चुकत नाही. स्वयंपाकाच्या मंडपातून मसालेभाताचा वास सुटलेला असतो आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी निघायच्या बेतात असते. आमच्या भागातल्या, म्हणजे चंद्रपूरकडच्या धानपट्ट्यातल्या, शेतकरी मेळाव्यात हे शेवटचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ते कुणालाच नको असतं, म्हणून माझ्याकडे आलं.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. निमंत्रणपत्रिका हातात धरली आणि वरून खाली वाचत गेलो. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, मग मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले आणि शेवटी "ज्ञात-अज्ञात सर्वांचे". ज्यांना सकाळीच शाल-श्रीफळ मिळालं होतं त्यांचेच आभार दुपारी पुन्हा मानले. ज्यांनी मेळावा भरवला ते सगळे अज्ञातांत गेले.

आता मी पत्रिका घेत नाही, वही घेतो. तिच्यात दोनच रकाने असतात. पहिल्यात नाव आणि गाव, दुसऱ्यात त्या माणसानं नेमकं काय केलं ते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते नाव एकत्रित ओळीत जातं, मग ते कितीही मोठं असो.

वही भरायला मी सकाळी धानाच्या दालनापासून सुरुवात करतो. टेबलावर सुपात धान, शेजारी लोंबांची जुडी आणि समोर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नाव, गाव आणि वाण लिहिलेलं असतं. मी आणखी एक प्रश्न विचारतो, "बी कुठून आलं?" बहुतेक जण कृषी केंद्राचं नाव सांगतात. कुणी मामाच्या गावाचं सांगतो. क्वचित एखादा म्हणतो, "आमच्याच बांधीतलं आहे." असं उत्तर आलं की मी तिथे खुर्ची ओढून बसतो.

त्याला कारण आहे. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव याच पट्ट्यातलं. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड-दोन एकरांचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ वाणाच्या धानात त्यांना काही लोंबा वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक होता. त्यांनी त्या लोंबा बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि निवड करत करत काही वर्षांत एकसारखं बी तयार केलं. तेव्हा एचएमटी घड्याळांचा जमाना होता, म्हणून बाजारात त्या धानाला एचएमटी हे नाव पडलं. हा तांदूळ इथून कितीतरी राज्यांत पोचला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. श्रेय कुणाचं, यावरून पुढे बराच वाद झाला. आपण त्या बियाण्याचं शुद्धीकरण केलं, अशी विद्यापीठाची बाजू होती. शुद्धीकरण हे खरंच कष्टाचं काम आहे, पण ज्या लोंबांपासून सगळं सुरू झालं त्या निवडणारा माणूस एकच होता. २००५ मध्ये दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

म्हणून माझ्या वहीतला दुसरा रकाना थोडा लांबतो. कोणत्या वाणात वेगळी लोंब दिसली, कोणत्या साली, किती हंगाम वेगळी पेरली, शेजारी कुणाला बी दिलं, हे सगळं मी लिहून घेतो. आभाराच्या भाषणाला कायद्यात पुराव्याची किंमत नाही, हे मला माहीत आहे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली होते आणि त्यासाठी शेतकऱ्याकडून शुल्क घेतलं जात नाही. पण अर्जात वाणाची माहिती भरावी लागते. त्या वेळी बहुतेकांना साल आठवत नाही. वहीतली तारीख तेव्हा उपयोगी पडते.

वहीतही चूक होते. एकदा चिन्नोर धानाचं एक सूप फार सुरेख आलं होतं. मी चिठ्ठीवरचं नाव लिहून घेतलं आणि माइकवर वाचलं. जेवणाच्या पंगतीत एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ते बी माह्या सासूपासूनचं हाय. मीच ठेवते." चिठ्ठीवर सातबाऱ्यावरचं नाव होतं, म्हणजे नवऱ्याचं. सर्वांत चांगल्या लोंबा कापणीआधी निवडून, त्या वेगळ्या झोडून, दाणे वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यात घालून कणगीत भरणं हे सगळं काम बाईंचं होतं. तेव्हापासून मी विचारतो, "घरात बी कोण ठेवतं?" या प्रश्नावर निम्म्या टेबलांवरची नावं बदलतात.

स्वयंसेवकांचं तसं सोपं असतं. कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत आणि कृषिकन्या असतात, त्यांची यादी तयार मिळते. पण यादी वाचणं म्हणजे हजेरी घेणं. एका वर्षी माती तपासणीच्या टेबलावर मी एका कृषिकन्येला पाहिलं. प्रत्येक शेतकऱ्याचा अर्धा किलो नमुना पिशवीत भरताना ती नाव आणि गट क्रमांक पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आत टाकत होती. बॉलपेन का नाही, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "ओल्या मातीत शाई पसरते काका, मग कुणाची माती कुणाच्या नावावर जाते." भाषणात मी तिच्या नावासोबत पेन्सिलीचाही उल्लेख केला.

शास्त्रज्ञांच्या आभारांत मला मोठे शब्द वापरायचे नसतात, त्यांनी सांगितलेलं एक वाक्य परत सांगायचं असतं. उठून गेलेले लोक स्वयंपाकाच्या मंडपात उभे असतात आणि कर्णा तिथेही लागलेला असतो. मागे एका पाहुण्यांनी तुडतुड्यांवर छान सांगितलं. आभारात मी एवढंच म्हणालो, "साहेबांनी आपल्याला पान नव्हे, बुंधा बघायला शिकवलं. एका चुडाला दहाच्या आसपास तुडतुडे दिसले तरच फवारणीचा विचार करायचा, त्याआधी बांधीतलं पाणी काढून तीन-चार दिवस कोरडी ठेवायची, आणि औषध बुंध्यावर मारायचं." असा आकडा बोलण्याआधी मी ज्यांचा आहे त्यांना दाखवून घेतो. कर्ण्यावरून चुकीचा आकडा गेला तर तो वर्षभर गावात फिरतो.

आणखी एक गोष्ट करतो, ती थोडी लबाडीची आहे. प्रश्नोत्तरात पाहुणे एखाद्याला "नमुना पाठवा, बघून कळवतो" असं म्हणाले असतील तर त्याचेही आभार मानतो, शेतकऱ्याच्या आणि गावाच्या नावासकट. चारचौघांत आभार मानले की उत्तर येतं, असा अनुभव आहे.

एवढं सगळं पाच मिनिटांत बसतं. दुसऱ्या दिवशी त्या पानांची एक झेरॉक्स कृषी विज्ञान केंद्राला देतो, एक सहायक कृषी अधिकाऱ्याला, आणि मूळ वही माझ्याकडे राहते.

चिन्नोरवाल्या बाईंचं नाव पुढच्या वर्षी मी सर्वांत आधी वाचलं. त्या मंडपात नव्हत्या, उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या बांधावर गेलो आणि ओळ वाचून दाखवली. चिखलातला हात न धुताच त्यांनी विचारलं, "सासूचं नाव लिहिलं का?" ते लिहायचं राहिलं होतं. बांधावर बसून लिहिलं.