सकाळचं पहिलं पाऊल आणि टाचेचं दुखणं

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आठवड्याला वीस किलोमीटर धावणारा एखादा जण दोन-तीन आठवड्यांत पस्तीसवर जातो, त्यात चढावाचा रस्ताही घेतो. मग एके दिवशी सकाळी पलंगावरून उतरताच टाचेच्या आतल्या बाजूला, तळव्याकडे, कळ येते. चार पावलं चालल्यावर ती ओसरते. हा बहुधा प्लँटर फॅसायटिस असतो. टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्यावर अचानक वाढलेला ताण त्याला सोसत नाही.

पूर्ण विश्रांतीची गरज सहसा नसते. अंतर पुन्हा वीसच्या आत आणावं, चढ आणि वेगाचा सराव थांबवावा. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली, तर आदल्या दिवशीचं धावणं जास्त झालं असं समजावं.

सोबत पोटरीचा व्यायाम करावा. पायरीवर एका पायाने उभं राहून बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे बोटं वर वळून पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड बारा-बारा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवावं. फरक पडायला महिने लागतात.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखली, रात्री ठणकली, सुजली किंवा मुंग्या आल्या, तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. हाडाला बारीक तडा किंवा नस दबलेली असू शकते. धावताना 'कट्' आवाज होऊन कळ आली, तर धावणं थांबवून लगेच दाखवावं.