पावणेदोनपर्यंतचा अभ्यास जातो कुठे?

मुरगावच्या सड्यावर राहणाऱ्या बारावीतल्या एका मुलीची ही गोष्ट. भौतिकशास्त्राच्या चाचणीत तिला २० पैकी ५ गुण मिळाले. अभ्यास कमी पडला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. तीसुद्धा तेच म्हणाली, आणि आता अडीचपर्यंत बसायचं असं तिने ठरवून टाकलं.

तिचे वडील बंदरात पाळीने काम करतात. त्यांनी पेपर मागून घेतला. एका उदाहरणात अंतर्वक्र आरसा होता, नाभीय अंतर १५ सेंमी, वस्तू २० सेंमीवर. चिन्हांचा नियम तिने समासात बरोबर लिहिला होता: अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर ऋण. खाली आकडे घालताना मात्र +१५ घेतलं. उत्तर यायला हवं होतं आरशापुढे ६० सेंमी. तिचं आलं आरशामागे साडेआठ. वस्तू नाभीच्या पलीकडे असताना अंतर्वक्र आरशामागे प्रतिमा पडूच शकत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी उत्तर खटकलं नाही. आणखी एका प्रश्नात ‘कारण द्या’ असं विचारलं होतं, तिने व्याख्या लिहिली होती.

“बाय, या न येणाऱ्याच्या चुका नव्हेत,” वडील म्हणाले. “लागोपाठ रात्रपाळ्या झाल्या की आमचंही असंच होतं. वाचतो एक, करतो भलतंच.”

मग दोघांनी वहीत हिशेब मांडला. चाचणीच्या आधीच्या पाच रात्री निजणं पावणेदोनला, उठणं सहाला. रोजची झोप सव्वाचार तास, पाच रात्रींची मिळून सव्वाएकवीस. तिच्या वयाला निदान आठ तास लागतात, म्हणजे चाळीस हवे होते. जवळजवळ एकोणीस तास कमी.

“पण मला सवय झालीय, पप्पा. झोप येतसुद्धा नाही.”

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, कारण तो माणसाला आतून खरा वाटतो. २००३ मध्ये व्हॅन डाँगेन आणि डिंजेस यांच्या गटाने अमेरिकेत निरोगी प्रौढांना चौदा रात्री ठरावीक झोप दिली: कुणाला आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार. सहा तासवाल्यांचंही लक्ष दिवसागणिक ढासळत गेलं आणि शेवटी अख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या पातळीला आलं. त्यांना स्वतःला मात्र काही दिवसांनंतर झोप फारशी वाढल्यासारखी वाटतच नव्हती. सवय झाली होती ती पेंगुळलेपणाची. चुका वाढतच होत्या.

रविवारी दुपारपर्यंत झोपून भरून काढू, ही दुसरी समजूत. थकवा त्याने उतरतो, पण शिकलेलं पक्कं होण्याचं काम त्याच रात्रीच्या झोपेत बरंचसं होतं. स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली लोकांना पडद्यावरच्या खुणा झटकन ओळखण्याचा सराव दिला. पहिली रात्र जागवलेल्यांना पुढच्या दोन रात्री पोटभर झोपू दिलं, तरी सरावाचा फायदा त्यांच्यात दिसला नाही. हा प्रयोग नजरेच्या कौशल्याचा होता, त्यामुळे भौतिकशास्त्राला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण शाळकरी मुलांचा पुरावाही आहे. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी झोप कापून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणं आणि चाचणीत अडखळणं वाढलेलं आढळलं.

जागण्यासाठी ती घेत असलेली रात्री अकराची कॉफी झोपेची गरज भागवत नाही, फक्त त्या गरजेची जाणीव दाबते. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारलाही अर्धं अंगात असतं.

उपाय म्हणून आईने नऊला दिवे मालवायचं सुचवलं. तेही चाललं नसतं. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, त्यामुळे नऊला अंथरुणात नुसती चुळबूळ होते. हा आळस नव्हे. शेवटी साडेदहाला वह्या बंद आणि सव्वासहाला उठणं ठरलं. रात्री अकराची कॉफी बंद झाली, दुपारी चारची चालू राहिली. रात्रीची जी उदाहरणं राहत, ती पहाटे नव्हे, तर दुसऱ्या दिवशी दुपारी सोडवायची. आठ तासांना थोडे कमीच पडत होते, पण सव्वाचारांच्या जागी पावणेआठ आले.

पुढच्या चाचणीत तिला २० पैकी १३ मिळाले. चिन्हाची चूक एकही नव्हती. गेलेल्या सातांपैकी पाच गुण एका अशा प्रकरणाचे होते, जे तिने उघडलंच नव्हतं. ते मिळवायला झोप उपयोगी पडणार नव्हती.