ओळंब्याची प्रदक्षिणा

इकडे या दोघं, आणि तो खडू घेऊन या. झोपाळा काढला की वरची कडी मोकळी असते, तिला मी बरोबर एक मीटर दोरी बांधली आहे. खाली गवंड्याचा ओळंबा, ४०० ग्रॅमचा. दोरीची लांबी कडीपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नव्हे. ओळंबा स्थिर झाला की त्याचं टोक जिथं येतं तिथं जमिनीवर ठिपका काढा आणि तो मध्य धरून अर्ध्या मीटरच्या त्रिज्येचं वर्तुळ आखा.

अर्धाच मीटर का, ते विचारलंस हे बरं झालं. दोरी एक मीटर आणि ओळंबा मध्यापासून अर्धा मीटर दूर, म्हणजे त्रिज्या दोरीच्या निम्मी. ३० अंशांचं साइन बरोबर अर्धं असतं. म्हणून ओळंबा या खडूच्या रेघेवरून फिरत राहिला, तर दोरी उभ्या रेषेशी ३० अंशांचाच कोन करते. कोनमापक घेऊन फिरत्या दोरीमागं धावायला नको.

आता ढकला. मध्याकडेही नको, बाहेरही नको, रेघेला लागून, सरळ पुढं. पहिल्या खेपेला वर्तुळ लांबट होणार. धक्का कमी पडला किंवा तिरका बसला की ओळंबा अंड्यासारख्या वाटेनं फिरतो, आणि ते लांबट अंडंही हळूहळू ओळंब्याच्याच दिशेनं वळत जातं. तसं दिसलं की थांबवायचं आणि पुन्हा सोडायचं. नीट जमलं की दोरी हवेत शंकू आखते आणि ओळंबा एकाच पातळीवर फिरतो, ना वर ना खाली.

हे ‘ना वर ना खाली’ लक्षात ठेवा, कारण सगळं त्यातून निघतं. ओळंब्याला दोनच गोष्टी धरून आहेत, खाली ओढणारी पृथ्वी आणि तिरकी ओढणारी दोरी. तिसरं कोणी नाही. बाहेर फेकणारं बल असतं असं तुला शाळेत कोणी सांगितलं असेल, पण अंगणात उभं राहून पाहणाऱ्याला ते कुठं सापडत नाही. ओळंबा खाली जात नाही, तेव्हा दोरीच्या ओढीचा उभा भाग ४०० ग्रॅम वजन पुरतं पेलतो. पण दोरी उभी नाही, तिरकी आहे. भरलेली बादली दोघांनी दोन बाजूंनी धरली आणि ते एकमेकांपासून लांब सरकले, तर बादली तीच असून हात जास्त भरून येतात ना? तसंच इथं. वजनाला ३० अंशांच्या कोसाइननं, म्हणजे ०.८६६नं भागायचं. ४०० भागिले ०.८६६, झाले ४६२. कडी आणि दोरीच्या मध्ये स्प्रिंगचा काटा अडकवला तर तो ४६२ ग्रॅमच्या आसपास दाखवेल.

बारावीतली भली भली मुलं इथं भागण्याऐवजी गुणतात आणि ३४६ ग्रॅम लिहून मोकळी होतात. ते उत्तर अगदीच निराधार नाही, ते दुसऱ्याच लंबकाचं आहे. हाच ओळंबा ३० अंशांपर्यंत बाजूला ओढून नुसता सोडला, तर सुटल्या क्षणी दोरीत ३४६ ग्रॅमइतकाच ताण असतो, कारण तो खाली यायला निघालेला असतो आणि दोरीला त्याचं पूर्ण वजन पेलावं लागत नाही. दोरी तीच, कोन तोच, तरी एकदा ताण वजनापेक्षा कमी आणि एकदा जास्त. स्वतःचं उत्तर तपासायचं असेल तर एवढंच पाहा: शंकूत फिरणाऱ्याच्या दोरीतला ताण वजनापेक्षा कमी आला, तर कुठंतरी चुकलं.

मग वेग. ओढीचा उभा भाग वजन पेलण्यात खर्च झाला, आडवा भाग ओळंब्याला सतत मध्याकडे वळवतो. आडवा भागिले उभा म्हणजे कोनाचं टॅन, ०.५७७. म्हणून मध्याकडचं त्वरण ९.८ गुणिले ०.५७७, सुमारे ५.६६. वर्तुळात फिरणाऱ्याचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. त्रिज्या अर्धा मीटर, म्हणून वेगाचा वर्ग २.८३ आणि वेग सेकंदाला १.६८ मीटर. झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. वर्तुळाचा परीघ ३.१४ मीटर, म्हणजे एक फेरी १.८७ सेकंदांत.

घड्याळ लावा. खुणेवरून जाताना ‘एक’ नाही, ‘शून्य’ म्हणा, नाहीतर एक फेरी फुकट मोजली जाते. दहा फेऱ्यांना १८.७ सेकंद लागायला हवेत. हवेच्या अडथळ्यानं ओळंबा हळूहळू रेघेच्या आत सरकेल, त्याची फार काळजी नको. कोन ३०चा २५ झाला तरी दहा फेऱ्या १९.१ सेकंदांत होतात, तुमच्या बोटाची चूक जवळपास तेवढीच असते.

आता मला खरी आवडणारी गोष्ट. फेरीचा वेळ काढताना त्रिज्येला टॅननं भागावं लागतं, आणि त्रिज्या भागिले टॅन म्हणजे काय? कडीपासून ओळंब्याच्या पातळीपर्यंतची उभी उंची! दोरीची लांबी आणि कोन त्या उंचीत विरून जातात, आणि ओळंब्याचं वजन तर हिशेबातच नाही. उंचीला ९.८नं भागा, वर्गमूळ काढा, ६.२८नं गुणा, संपलं. म्हणजे याच कडीला एक मीटरची दोरी ६० अंशांवर फिरवली आणि ५७.७ सेंटीमीटरची ३० अंशांवर, तर दोघांची पातळी कडीखाली बरोबर अर्धा मीटर येते. एकाचं वर्तुळ दुसऱ्याच्या तिप्पट मोठं, एक जोरात पळणारा आणि एक रमतगमत, पण दोघांचीही फेरी १.४२ सेकंदांची. ६० अंशांवर मात्र दोरीतला ताण दुप्पट होतो, ४०० ग्रॅमचे ८००. तो प्रयोग इथं करायचा नाही, खिडक्या आहेत. आणि दोरी पार आडवी कधी होते हे विचारू नका, ती होतच नाही. वजन पेलायला थोडा तरी उतार लागतोच, आणि उतार जसा कमी होतो तसा ताण वाढत जातो, शेवटी दोरी तुटते.

या उंचीचा उपयोग न्यूटननं केला होता, १६६५-६६च्या सुमारास, विशीत असताना. पृथ्वी फिरते तर वस्तू तिच्यावरून उडून का जात नाहीत, हा तेव्हाचा मोठा आक्षेप. उत्तरासाठी वस्तू एका सेकंदात किती पडते ते हवं होतं. पडता दगड फार वेगानं जातो, मोजणार कसा? त्यानं ८१ इंचांचा लंबक ४५ अंशांवर फिरवला आणि तासाला १५१२ फेऱ्या मिळवल्या. आपणच करू. ८१ गुणिले ०.७०७, उंची ५७.३ इंच. ३६०० भागिले १५१२, फेरी २.३८ सेकंदांची. उंचीला ६.२८च्या वर्गानं गुणून २.३८च्या वर्गानं भागलं की त्वरण सुमारे ३९९ इंच येतं, आणि पहिल्या सेकंदातलं पडणं त्याच्या निम्मं, जवळजवळ २०० इंच. आजचा आकडा १९३. गॅलिलिओच्या पुस्तकातून निघणारं अंतर याच्या निम्म्याहूनही कमी होतं. या नव्या आकड्यानं हिशेब केला, तर पृथ्वीची ओढ फिरण्याच्या फेकीपेक्षा शेकडो पटींनी जास्त निघाली.