आईचं वय, माझं वय

बाबा नोव्हेंबर 2016 मध्ये गेले. तेराव्यानंतर आठवडाभरातच त्यांच्या कार्यालयातले एक काका घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, अनुकंपाचा अर्ज लगेच टाका. वर्षाची मुदत असते, पण जितका उशीर तितका नंबर मागे जातो."

त्यात खोटं काही नव्हतं. राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे अर्ज मृत्यूपासून वर्षाच्या आत करायचा असे आणि कागद पूर्ण झाल्याच्या तारखेवर यादीतला क्रम ठरे. म्हणून आम्ही कागदांमागे लागलो. मृत्यूचा दाखला, आईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि बाबांच्या सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या पानाची प्रत जमवली. आजीने आणि मोठ्या ताईने आईच्या नावाला हरकत नसल्याचं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, तर आईने कुटुंबाचा सांभाळ करीन असं हमीपत्र दिलं. नोकरी लागल्यावर घरच्यांकडे पाठ फिरवू नये म्हणून ते घेतात.

आई दहावी पास, त्यामुळे तिचं नाव गट-ड साठी, म्हणजे शिपाईपदासाठी. जानेवारी 2017 मध्ये अर्जावर आवक क्रमांक पडला, तेव्हा आम्हाला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. प्रतीक्षायादीत तिचा नंबर 61 होता.

इथे कोणीतरी कागदाच्या कोपऱ्यावर साधा भागाकार करायला हवा होता. अनुकंपाने सगळ्या रिकाम्या जागा भरत नाहीत, त्यातला ठरावीक हिस्साच मिळतो. आमच्या यादीत तेव्हा दहा टक्क्यांचा हिशेब होता. भरायला वर्षाला तीस जागा निघाल्या तरी यादीतल्या तिघांचाच नंबर लागणार. त्या गतीने एकसष्टावा नंबर यायला वीस वर्षं लागली असती. शिवाय वयाची 45 वर्षं पूर्ण झाली की नाव यादीतून निघतं. आईचा जन्म जून 1974 चा. म्हणजे तिच्याकडे अडीच वर्षंसुद्धा नव्हती. अर्ज घेणाऱ्या टेबलासमोर तिची जन्मतारीख होती, यादीही होती. या दोन गोष्टी एकत्र कोणी पाहिल्या नाहीत. आम्हीही नाही.

दुसरी तारीख माझी होती. बाबा गेले तेव्हा मी सतरा वर्षं दोन महिन्यांचा होतो. वारस अज्ञान असेल, तर अठरा पूर्ण झाल्यापासून वर्षभरात त्याला स्वतःचा अर्ज करता येई. आठ महिने थांबलो असतो, तर सप्टेंबर 2017 नंतर माझं नाव देता आलं असतं, तेही गट-क च्या पदासाठी. पण घरातला कमावता माणूस गेला असताना "आठ महिने थांबा" असं आईला कोण सांगणार, आणि तिने ते का ऐकावं?

सप्टेंबर 2019 मध्ये पत्र आलं. वयाची 45 वर्षं पूर्ण झाल्याने नाव कमी करण्यात येत आहे. तिच्या जागी माझं नाव घ्या असा अर्ज दिला, तर उत्तरात 20 मे 2015 चा शासन निर्णय निघाला. यादीतला उमेदवार मरण पावला तरच दुसऱ्या वारसाचं नाव घेता येईल, असं त्यात होतं. आई जिवंत होती, म्हणून माझं नाव बसत नव्हतं. हे वाक्य मी घरी तिला वाचून दाखवलं नाही. माझी स्वतःची मुदतही वर्षापूर्वीच टळलेली होती.

अनुकंपा हा वारसाहक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच स्पष्ट केलं आहे. माणूस गेल्यावर घरावर अचानक कोसळणाऱ्या आर्थिक संकटासाठीची ती मदत. तत्त्व मला पटतं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की जितकी वर्षं जातील तितकं "एवढी वर्षं निभावलंत ना" असं म्हणणं सोपं होतं. यादी सरकारची, तिथला उशीरही सरकारचा, आणि तग धरल्याचा पुरावा मात्र आमच्याविरुद्ध.

2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नावबदलावरची ती अट रास्त नसल्याचं म्हटलं. त्या निकालाची प्रत घेऊन आम्ही प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलो. आदेश आमच्या बाजूने आला, पण त्यात "नियुक्ती द्या" नव्हतं. "नावाचा विचार करावा" असं होतं. या दोन शब्दप्रयोगांमध्ये माझं आणखी दीड वर्ष गेलं. जुलै 2025 च्या सुधारित धोरणात नाव बदलण्याची मुभा आली, तोवर माझं झालं होतं.

मी लिपिक-टंकलेखक म्हणून लागलो. मराठी टंकलेखनाचं प्रमाणपत्र मिनिटाला तीस शब्दांचं लागतं, ते आधीच काढून ठेवलं होतं.

आता आस्थापना शाखेत बसतो. मागच्या महिन्यात एक बाई आल्या. कागदांची पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "कुठे सही करू?" मी त्यांना बसायला सांगितलं आणि कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. एकात त्यांची जन्मतारीख लिहिली, दुसऱ्यात मुलीची.

"ताई, मुलगी किती शिकली आहे?"

"बारावीला आहे. पण अर्ज तर मीच करणार ना?"

मी यादीची फाईल काढायला उठलो.