पंप लावलेल्या टाकीची पातळी

टाकीच्या तळाला साधे भोक असेल आणि पाणी स्वतःच्या वजनाने वाहून जात असेल, तर वरून येणारा प्रवाह थोडा वाढला तरी टाकी भरून वाहत नाही. पातळी चढते, तळावरचा दाब वाढतो, बाहेरचा प्रवाहही वाढतो आणि कुठेतरी नवी पातळी आपोआप ठरते. अशा प्रक्रियेला स्वनियामक म्हणतात. त्याच टाकीतून पंपाने पाणी खेचले की चित्र बदलते. पंप पुढच्या पाइपलाइनमध्ये वीस-तीस मीटरचा दाब देत असतो. टाकीतले पाणी अर्ध्या मीटरने वर-खाली झाले तरी त्याच्या प्रवाहात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. आत जास्त येत राहिले तर पातळी एकसारखी चढत राहते, कुठेच थांबत नाही. आत-बाहेरच्या फरकाची नुसती बेरीज होत जाते, म्हणून ही समाकलक, म्हणजेच इंटिग्रेटिंग प्रक्रिया.

समजा, टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ 2 चौरस मीटर आहे आणि पातळी 2 मीटरच्या पल्ल्यात मोजली जाते. पंप मिनिटाला 200 लिटर पाणी काढतो. आत येणाऱ्या पाण्यावर व्हॉल्व्ह आहे. तो पूर्ण उघडल्यास मिनिटाला 400 लिटर येतात, म्हणजे 50 टक्क्यांवर दोन्ही प्रवाह सारखे. कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून व्हॉल्व्ह 60 टक्के केला, तर मिनिटाला 40 लिटर जास्त येतात आणि पातळी दर मिनिटाला 2 सेंटिमीटर चढते. आलेखावर वाकून सपाट होणारी रेघ न दिसता सरळ चढण दिसते. प्रक्रिया ओळखायची खरी खूण हीच.

आता पीआय कंट्रोलर. त्याचा पहिला भाग, गेन, चुकीच्या प्रमाणात व्हॉल्व्ह लगेच हलवतो. दुसरा भाग, इंटिग्रल, चूक टिकून राहिली तर व्हॉल्व्ह हळूहळू सरकवत नेतो. इंटिग्रल टाइम जितका मोठा, तितके हे सरकणे संथ. स्वनियामक प्रक्रियांसाठीचा एक प्रचलित नियम सांगतो की इंटिग्रल टाइम प्रक्रियेच्या कालांकाएवढा ठेवावा. भोक असलेल्या टाकीला असा कालांक असतो. पंपाच्या टाकीला तो नाहीच. तरीही चढणीवर जबरदस्तीने वक्र बसवला, तर काहीतरी प्रचंड आकडा हाती येतो. तो 100 मिनिटे आला असे धरू. गेन 5 आहे, म्हणजे पातळी 1 टक्क्याने चुकली की व्हॉल्व्ह 5 टक्के हलतो.

सेटपॉइंट बदलून पाहिला तर हे ट्यूनिंग उत्तम वाटते, आणि फसगत इथेच होते. पातळी 10 सेंटिमीटर वर न्यायची असेल तर व्हॉल्व्हने थोडा वेळ जास्त उघडून पुन्हा 50 टक्क्यांवर यायचे असते. चूक शून्य झाली की गेन त्याला तिथे आणून सोडतो. इंटिग्रलची फारशी गरजच पडत नाही. पण पंपाचा उपसा 200 वरून 240 लिटर झाला, तर व्हॉल्व्हला 60 टक्क्यांवर जाऊन कायम तिथेच राहावे लागते. गेनच्या बळावर हे जादा 10 टक्के मिळवायला पातळी 2 टक्के, म्हणजे 4 सेंटिमीटर, खालीच राहायला हवी. ती तूट भरून काढायचे काम इंटिग्रलचे, आणि तो 100 मिनिटांच्या चालीने चालतो. हिशेब केला तर आठ-एक मिनिटांत पातळी जवळपास 4 सेंटिमीटर घसरते आणि तासाभरानंतरही 2 सेंटिमीटरहून जास्त खाली असते.

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातील सिगुर्द स्कोगेस्टाड यांनी 2003 मध्ये यावर सोपा तोडगा मांडला. बंद लूपचा अपेक्षित प्रतिसादकाल आणि प्रक्रियेचा विलंब यांची बेरीज करावी, ती चौपट करावी, आणि इंटिग्रल टाइम याहून मोठा कधीच ठेवू नये. या टाकीत विलंब अर्धा मिनिट आणि अपेक्षित प्रतिसादकाल दीड मिनिट धरला, तर मर्यादा 8 मिनिटांची येते. गेन 5 तसाच राहतो. आता त्याच धक्क्याला पातळी सुमारे 3 सेंटिमीटर घसरते आणि वीस मिनिटांत फरक काही मिलिमीटरांवर येतो.

इंटिग्रल टाइम कमी केल्यावर मात्र गेनला हात लावताना जपावे लागते. पातळी डोलताना दिसली की गेन उतरवायचा, ही सवय स्वनियामक लूपवर लागलेली असते. इथे तिचा परिणाम उलटा होतो. 8 मिनिटांचा इंटिग्रल टाइम तसाच ठेवून गेन 5 वरून 1 वर आणला, तर पातळी साधारण तासाभराच्या लांबलचक लाटांनी वर-खाली होऊ लागते. अशा संथ लाटा दिसल्या तर गेन वाढवावा किंवा इंटिग्रल टाइम वाढवावा.

काही टाक्या मुद्दाम चढ-उतार पोटात घेण्यासाठीच बांधलेल्या असतात, म्हणजे पुढच्या यंत्राला प्रवाहाचे हेलकावे बसत नाहीत. तिथे पातळी सावकाश परतणे हाच हेतू असतो. पण तो संथपणा अपेक्षित प्रतिसादकाल मोठा धरून, गेन आणि इंटिग्रल टाइम दोन्ही त्यानुसार बदलून आणावा लागतो.